गंधारावर येणारा घुमारा: एका अभंगाच्या ध्वनिमुद्रणाचं प्रकरण

गणपतीत कुडाळजवळच्या एका घरी मी एका भजनी बुवांचा अभंग ध्वनिमुद्रित केला. चाल भूपातली, पट्टी काळी एक. पेटी, पखवाज आणि झांज सकाळी पडवीत घेतली आणि दुपारी बुवांनी कानाला हेडफोन लावून माजघरात गायला सुरुवात केली. बाहेर पाऊस होता. कौलांवरचा आवाज माजघरात कमी येतो म्हणून ती खोली निवडली, आणि बेडकांमुळे दोन्ही खिडक्या आणि दार घट्ट लावून घेतलं. पंखाही बंद केला. तीन टेक झाले, तिसरा उत्तम होता. दुसऱ्या दिवशी बुवा चाकरमान्यांच्या गाडीने मुंबईला परतले.

आठवड्याने मी त्यांना कच्चं मिश्रण पाठवलं, आणि त्यांचा फोन आला. "झिला, बाकी सगळा बरा आसा, पण गंधारार इलो की माझो आवाज रांजणात पडता." मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. तक्रार तंतोतंत खरी होती. षड्ज, रिषभ, पंचम स्वच्छ होते. शुद्ध गंधारावर मुक्काम झाला की आवाजाखाली "उंऽऽ" असा एक जाड घुमारा उठायचा आणि पुढचा सूर लागला तरी थोडा वेळ मागे रेंगाळायचा. पखवाज वाजत असताना तो झाकला जात होता. सुरुवातीच्या संथ ओळीत, जिथे फक्त पेटीची साथ होती, तिथे तो उघडा पडत होता. आणि भूपात गंधार वादी आहे. म्हणजे सगळी चाल ज्या सुरावर विसावते, नेमका तोच सूर बिघडलेला. बुवा आता थेट शिमग्याला येणार होते, त्यामुळे पुन्हा गाऊन घेण्याचा मार्ग नव्हता.

हा घुमारा कुठून आला

असं एखाद्याच सुरावर होतं तेव्हा पहिला संशय गळ्यावर जातो. माझाही गेला होता. पण माझ्याकडे एक तुकडा असा होता की त्याने तो संशय मिटवला. मुद्रणाआधी आवाजाची पातळी बघायला मी बुवांना पेटी घेऊन दोन ओळी म्हणायला सांगितलं होतं, आणि त्या त्यांनी पांढरी एक मध्ये, म्हणजे अर्ध्या सुराने खाली म्हटल्या होत्या. जागा तीच, माइक तोच, गळा तोच. त्या तुकड्यात गंधार अगदी स्वच्छ होता.

काळी एकचा षड्ज सुमारे 138.6 हर्ट्झ. पेटीच्या सुरावटीप्रमाणे त्याचा शुद्ध गंधार 174.6 हर्ट्झवर येतो. पांढरी एकचा षड्ज 130.8, आणि त्याचा गंधार 164.8. म्हणजे त्या खोलीत 164.8 ला काही होत नव्हतं आणि दहा हर्ट्झ वर गेलं की घुमत होतं. गळ्याचा दोष असता तर तो सुराबरोबर सरकला असता. हा एका जागी ठाण मांडून बसला होता.

मग मी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंपनं किती आहेत ते दाखवणारं चित्र, काढला. खालच्या पट्टीत सूर इतके जवळजवळ असतात की नेहमीची सेटिंग चालत नाही. मी विश्लेषणाची खिडकी 16384 सॅम्पलची ठेवली, म्हणजे 48 किलोहर्ट्झला साधारण 3 हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. त्या पातळी बघण्याच्या तुकड्यात बुवा एका ठिकाणी गंधारावरून मींड घेत पंचमावर चढतात. चित्रात आवाजाची रेघ तिरकी वर जाताना दिसते, आणि 174.5 च्या आसपास ती ओलांडून गेल्यावर तिथे एक बारीक आडवा धागा मागे राहतो. आवाज पुढे निघून गेला, धागा तिथेच. तो धागा खोलीचा होता.

मोजायची टेप घेऊन पुन्हा त्या घरी गेलो. माजघर चौरस, दोन्ही बाजूंनी नऊ फूट दहा इंच, म्हणजे जवळपास नेमकं 3 मीटर. भिंती चिऱ्याच्या, वर सिमेंटचा गिलावा, खाली लादी. दोन समोरासमोरच्या कडक भिंतींमध्ये काही ठरावीक कंपनं उभी राहतात, आणि त्यांचं गणित साधं आहे:

```
f = n × c / (2 × L)
```

`c` म्हणजे ध्वनीचा वेग. बंद खोलीत 30 अंश तापमान धरलं तर तो सेकंदाला सुमारे 349 मीटर. `L` म्हणजे 3 मीटर. `n` ला 1, 2, 3, 4 असं घेत गेलं की 58, 116, 174.5 आणि 233 हर्ट्झच्या आसपास उत्तरं येतात. आता काळी एकचे सूर शेजारी मांडा: मंद्र धैवत 116.5, मध्य गंधार 174.6, मध्य धैवत 233.1. त्या खोलीचे तीन सूर आणि भूपाचे तीन सूर एकमेकांवर चढून बसले होते. अर्ध्या सुराने पट्टी खाली असती तर हे तिन्ही सुटले असते, आणि मला हा दोष कळलाही नसता. खोली चौरस असल्यामुळे लांबीचे आणि रुंदीचे आकडे एकच, म्हणून जोर दुप्पट.

तिघांत गंधारच का इतका वाईट, याचं उत्तर बसण्याच्या जागेत होतं. माइक कोपऱ्यात नको आणि मधोमधही नको, एक तृतीयांशावर ठेवावा, असा सर्रास दिला जाणारा सल्ला मी पाळला होता. बुवा आणि माइक दोघंही बाजूच्या भिंतीपासून एक मीटरवर होते. पण तीन मीटरच्या खोलीत तिसऱ्या कंपनाचा दाब भिंतीपासून बरोबर एक मीटरवर सर्वांत जास्त असतो. तोंडही तिथेच आणि माइकही तिथेच, म्हणजे घुमारा तिथेच पेटवला आणि तिथेच टिपला. दुसऱ्या आणि चौथ्या कंपनाचा दाब त्या जागी निम्माच असतो, आणि तोंड व माइक दोन्हीकडे निम्मा म्हणजे एकूण पाव. म्हणून धैवत थोडक्यात बचावला.

नुसता तो आकडा खाली ओढला तर

पहिला उपाय मी तोच केला जो कुणीही करेल. साध्या इक्वलायझरने 175 हर्ट्झला 6 डेसिबल कापलं, आणि क्यू, म्हणजे काप किती अरुंद त्याचा आकडा, 4 ठेवला. मुक्कामाचा गंधार बरा झाला. पण बुवांचा आवाज कुठेतरी सडपातळ झाला. क्यू 4 म्हणजे त्या कापाची रुंदी सुमारे 44 हर्ट्झ, साधारण 153 पासून 197 पर्यंत. शेजारचा रिषभ 155.6 ला आहे, तो त्याच्या कडेत सापडत होता. बुवांच्या आवाजाचा खर्ज तिथेच राहतो.

मग क्यू 20 केला. आता रिषभ सुटला, आणि माझ्या मनात एक रास्त प्रश्न आला: घुमारा फक्त गंधारावर येतो आणि काप फक्त गंधारावर लागतो, तर घुमारा उठला तरच कापणाऱ्या डायनॅमिक इक्वलायझरची गरजच काय? ऐकल्यावर उत्तर मिळालं. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

खोली लगेच घुमत नाही, तिला भरायला वेळ लागतो. स्पेक्ट्रोग्राममधला तो धागा 20 डेसिबल उतरायला सुमारे 0.3 सेकंद घेत होता. जी खोली रिकामी व्हायला इतका वेळ घेते, ती भरायलाही तितकाच घेते. हिशेब केला तर 0.08 सेकंदात सरकून जाणाऱ्या गंधारावर घुमारा निम्म्यापर्यंतही पोचत नाही, आणि 0.3 सेकंद टिकलेल्या गंधारावर तो नव्वद टक्के भरतो. म्हणजे हरकतीत, मुरकीत, "पगरेसा" असं उतरताना लागलेला गंधार निरोगीच होता. कायमचा काप त्यालाही कापत होता, त्यामुळे उतरत्या ओळीत मधलाच एक दात पडल्यासारखं ऐकू येत होतं. रिषभावरून गंधारावर मींड जाताना तर आवाजाचा तळ एकदम निघून जायचा.

दुसरी गोष्ट स्वरांच्या उच्चाराची. "आ" म्हणताना आवाजाची ताकद वरच्या अंशस्वरांमध्ये, म्हणजे मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनांमध्ये, जास्त असते. "ऊ", "ओ", "ई" म्हणताना, किंवा अनुस्वारावर गुणगुणताना, मूळ कंपनाचा वाटा वाढतो. खोली मुख्यतः मूळ कंपनाला, म्हणजे 174.6 ला पकडत होती. त्यामुळे ओळ "ओ" वर संपली की घुमारा प्रचंड, आणि त्याच गंधारावर "आ" चा आलाप असला की बराच कमी. तिसरं म्हणजे सूर सरळ धरला तर खोली भरत जाते, त्याला थोडं आंदोलन दिलं तर सूर त्या अरुंद जागेतून आत-बाहेर होतो आणि घुमारा लाटेसारखा येतो-जातो.

तर "गंधारावर घुमतं" हे अर्धंच खरं होतं. लांब धरलेल्या, तोंड मिटत आलेल्या गंधारावर घुमत होतं. जो दोष कधी दहा डेसिबल आणि कधी दोन डेसिबल असतो, त्याला ठरावीक सहा डेसिबलचा काप कधीच पुरणार नाही आणि कधीच परवडणार नाही.

हा दहाचा आकडा कसा काढला ते सांगतो. त्याच ओळीत "ओ" वर लांब धरलेला रिषभ आणि "ओ" वर लांब धरलेला गंधार घेतला. प्रत्येकाच्या मूळ कंपनाची उंची त्याच्याच दुसऱ्या अंशस्वराशी ताडून पाहिली. रिषभाचं मूळ कंपन दुसऱ्या अंशस्वरापेक्षा 3 डेसिबल खाली होतं, गंधाराचं 7 डेसिबल वर. शेजारचे सूर, तोच उच्चार, त्यामुळे गळ्याने इतका फरक पडणं शक्य नाही. म्हणजे खोलीची भर सुमारे 10 डेसिबल. धैवताची तशीच काढली तर 4 आली. दोष शोधायला अरुंद पट्टा खूप वर उचलून तो इकडून तिकडे फिरवण्याची रीत आहे. ती मी या कामात वापरत नाही, कारण असा उचललेला पट्टा फिरवला की जिथे जाल तिथे काहीतरी घुमल्यासारखं वाटतं आणि माणूस निरोगी जागा कापत बसतो.

मल्टिबँड कॉम्प्रेसरने काय केलं

हाताशी रीपर या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममधला ReaXcomp होता, म्हणून आधी तो लावला. मल्टिबँड कॉम्प्रेसर आवाजाचे उभे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र दाबतो. मी 155 आणि 197 ला सीमा टाकल्या आणि मधला तुकडा दाबायला लावला. कागदावर हे बरोबर दिसतं. पण त्या सीमा भिंतीसारख्या नसतात, उतारासारख्या असतात. 138 चा षड्ज आणि 208 चा पंचम दोन्ही त्या मधल्या तुकड्यात चांगलेच उतरत होते. बुवा पंचमावर जोर लावतात, तो जोर मधल्या तुकड्याला जाऊन लागायचा आणि तो दबायचा. परिणाम असा की प्रत्येक ओळीत आवाजाचा खर्ज श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होऊ लागला. थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी, वर नेला तर ते थांबलं, पण गंधारही मोकळा सुटला. शिवाय तुकडे करून पुन्हा जोडताना फेज सरकतो, आणि तो काही दाबलं जात नसतानाही सगळ्या आवाजावर सरकलेलाच राहतो. एकट्या आवाजात ते जाणवलं नाही, पण पडवीत पेटीच्या माइकमध्ये आवाज शिरला असता तर जाणवलं असतं.

मल्टिबँड वाईट आहे असं नाही. बुवा भारावून माइककडे झुकतात तेव्हा 100 ते 250 पर्यंतचा सगळाच भाग फुगतो, आणि त्या रुंद फुगीला मल्टिबँडच छान बसतो. पण इथला आजार अडीच हर्ट्झ रुंदीचा होता. त्याला इतकं मोठं अवजार चालणार नाही.

डायनॅमिक इक्वलायझर कसा बसवला

डायनॅमिक इक्वलायझर म्हणजे नेहमीचाच घंटेच्या आकाराचा पट्टा, फक्त तो त्या जागेची पातळी वाढली तरच खाली येतो, एरवी सपाट असतो. मी TDR Nova ची मोफत आवृत्ती वापरली. पट्टा 174.5 ला ठेवला, क्यू 6. खोलीचा घुमारा याहून फारच अरुंद आहे हे मला माहीत होतं, पण पट्टा तितका अरुंद केला तर बुवांच्या आंदोलनाबरोबर प्लगिनचा पातळी ओळखणारा भागच चुकतो, कधी पकडतो कधी सोडतो. क्यू 6 ला पट्टा साधारण 160 ते 189 पर्यंत पसरतो. भूपात मध्यम नाही, ही इथे मोठी सोय झाली. रिषभ आणि पंचम दोन्ही बाहेर राहिले. दुसऱ्या एखाद्या रागात, जिथे गंधार आणि मध्यम अर्ध्या सुराच्या अंतरावर खेटून असतात, तिथे हा आकडा मला बदलावा लागला असता. आणि प्रत्येक प्लगिनचा क्यू सारखा मोजलेला नसतो, म्हणून आकडा उचलण्यापेक्षा पडद्यावर पट्टा कुठून कुठवर पसरलाय ते बघावं.

थ्रेशोल्ड मी घुमणाऱ्या गंधारावर ठरवला नाही, सर्वांत जोरदार रिषभावर ठरवला. तो रिषभ फिरता ठेवला आणि थ्रेशोल्ड खाली आणत गेलो, किती दाब पडतोय ते दाखवणारी सुई जेमतेम हलू लागली तिथे थांबलो. क्यू 6 ला रिषभ पट्ट्याच्या कडेला असल्याने ओळखणाऱ्या भागाला तो तसाही साडेचार डेसिबल कमी ऐकू येतो. त्यात गंधारावर खोलीची दहाची भर. दोघांमध्ये चौदा-पंधरा डेसिबलचं अंतर मिळतं, आणि त्या अंतरात थ्रेशोल्ड ठेवायला भरपूर जागा असते. अशी जागा मिळाली नाही, रिषभ आणि गंधार दोन्ही सारखेच सुई हलवू लागले, तर समजावं की पट्टा रुंद आहे किंवा जागा चुकली आहे.

रेशो 3 ठेवला, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर गेलेल्या दर तीन डेसिबलमागे एकच शिल्लक राहतो. लांब गंधार थ्रेशोल्डच्या साधारण 9 डेसिबल वर जात होता, म्हणजे 6 डेसिबल दाब. खोलीची भर दहाची असताना सहाच का, असं विचारलं जाईल. मी सगळे दहा काढून पाहिले होते. घुमारा गेला, पण गंधार बाकीच्या सुरांपेक्षा दुबळा वाटू लागला, कारण पट्टा घुमाऱ्याबरोबर बुवांच्या थेट आवाजाचंही मूळ कंपन खाली नेतो. आवाज आणि खोली त्याला वेगळी कळत नाहीत. थोडी खोली शिल्लक ठेवण्याची किंमत देऊन सुराचं वजन राखलं.

अटॅक आणि रिलीज, म्हणजे पट्ट्याला खाली उतरायला आणि परत वर यायला लागणारा वेळ, मात्र खोलीनेच ठरवून दिले. 174.5 हर्ट्झची एक लाट पुरी व्हायला 5.7 मिलिसेकंद लागतात. अटॅक 5 ठेवला तर पट्टा लाटेच्याच चढउतारामागे धावतो आणि सुराला बारीक घरघर येते. ती हेडफोनवर स्पष्ट ऐकू येत होती. घुमारा सावकाश भरतो, तर त्याच्यामागे धावायची घाईही नाही. अटॅक 40 मिलिसेकंद केला. सुराचा पहिला उच्चार जसाच्या तसा राहिला, हरकतीतले गंधार पट्ट्याला न कळता निघून गेले, आणि लांब सूर भरू लागला तसा पट्टा उतरला.

रिलीजवर माझी एक संध्याकाळ गेली. 60 मिलिसेकंद ठेवला होता. धरलेला गंधार छान, पण तिथून रिषभावर उतरलं की "उं" पुन्हा डोकं वर काढायचा. आधी वाटलं थ्रेशोल्ड चुकला. मग तेवढाच जोड पुन्हा पुन्हा ऐकला. बुवा रिषभावर गेले होते, पण खोली अजून गंधारच म्हणत होती. ती शेपटी उतरत उतरत थ्रेशोल्डच्या खाली गेली की पट्टा झटकन सपाट व्हायचा आणि उरलेली शेपटी उघडी पडायची. रिलीज 250 केल्यावर पट्टा शेपटीबरोबर सावकाश वर येऊ लागला आणि तो "उं" विरला. रिषभ कडेला असल्यामुळे एवढ्या वेळात त्याचंही थोडं जातं, पण ते कानाला कळत नाही. 400 पर्यंत नेलं तेव्हा मात्र कळलं, गंधारानंतरचे दोन सूर पातळ झाले.

एक चूक याच्याही आधीची होती. हा पट्टा मी आधी नेहमीच्या कॉम्प्रेसरच्या नंतर लावला होता. कॉम्प्रेसरला गंधाराचा घुमारा म्हणजे मोठा आवाज वाटायचा, तो सगळा आवाज खाली दाबायचा, आणि मग माझा पट्टा तळही काढून घ्यायचा. गंधार दोनदा मार खात होता. पट्टा सर्वांत आधी आणला तसा कॉम्प्रेसर शांत झाला. आणि शेवटच्या गजरात बुवा इतके चढतात की तिथे रिषभही थ्रेशोल्ड ओलांडत होता. थ्रेशोल्ड हा ठरलेला आकडा असतो, गायकाचा जोर त्याला कळत नाही. म्हणून गजराच्या तीन ओळींची पातळी क्लिपवरच 4 डेसिबल खाली आणली आणि पट्ट्यानंतर तेवढीच परत दिली.

धैवतासाठी दुसरा पट्टा 233 ला, जास्तीत जास्त 2 डेसिबल. मंद्र धैवत साऱ्या अभंगात एकदाच येतो. त्याच्यासाठी प्लगिन लावलं नाही, त्या एका सुरापुरता साध्या इक्वलायझरचा पट्टा ऑटोमेशनने खाली ओढला.

तपासणी आणि त्यानंतर

तपासताना मी फक्त काढून टाकलेला भाग ऐकतो. मूळ ट्रॅकची एक प्रत फेज उलटी करून सुधारलेल्या ट्रॅकवर ठेवली की उरतो तो फरक. त्यात बहुतेक वेळ शांतता होती, आणि लांब गंधारावर एक गोल, बिनशब्दांची "उं" येऊन जायची. तिथे शब्द ऐकू आले असते, तर मी बुवांना कापतोय असा त्याचा अर्थ होता. पूर्वीच्या क्यू 4 च्या कापाचा फरक असाच ऐकला, तर त्यात सगळा अभंग दबक्या आवाजात चालू होता.

मोबाइलच्या स्पीकरवर आधीचं आणि नंतरचं यात मला काहीच फरक कळला नाही. तो स्पीकर 174 हर्ट्झ धड वाजवतच नाही. पण हा अभंग घरोघरी आरतीआधी बास वाढवलेल्या ब्लूटूथ बॉक्सवर लागणार, आणि तिथे पहिल्या मिश्रणातला गंधार भांडी थरथरवील इतका होता. शेजाऱ्यांच्या बॉक्सवर लावून पाहिलं. आता गंधार रिषभ-पंचमाच्या रांगेत उभा होता, जरासा गोल, पण त्यांच्यातलाच. उरली होती ती शेपटी. इक्वलायझर तिची उंची कमी करतो, तिला लवकर संपवू शकत नाही. फक्त पेटीची साथ असलेल्या एका ओळीनंतरच्या शांततेत ती अजूनही ऐकू येते, कुठे ते माहीत असेल तर.

शिमग्याला बुवा आले तेव्हा त्याच माजघरात दुसरा अभंग घेतला, पट्टी तीच. बुवांना आणि माइकला बाजूच्या भिंतीपासून एक मीटरऐवजी अर्ध्या मीटरवर, एक फूट आठ इंचांवर बसवलं. तीन मीटरच्या खोलीत तिसऱ्या कंपनाचा दाब तिथे शून्याजवळ असतो. खोलीच्या मधोमधही तो शून्यच असतो, पण तिथे दुसरं आणि चौथं कंपन पूर्ण जोरात असतात, म्हणजे गंधार सुटला असता आणि धैवत अडकला असता. भिंत इतकी जवळ आल्यावर तिच्यावरून आवाज उलटतो, म्हणून तिच्यावर दोन गोधड्या दुहेरी टांगल्या. पाऊस नव्हता, खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवता आल्या. बुवांनी बसल्या बसल्या लांब गंधार धरून पाहिला, डोळे मिटून, मग एकदा माझ्याकडे बघून मान हलवली. त्या टेकवर तोच पट्टा त्याच आकड्यांनी लावला आहे. लांब गंधारावर त्याची सुई दीड डेसिबलच्या पुढे जात नाही.